लाइट लावला की झुरळं कुठे पळतात आणि का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेरूळला आमच्या बिल्डिंगमध्ये मी जीवशास्त्र शिकवते हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे पावसाळा सुरू झाला की लिफ्टमध्ये, जिन्यात, भाजीवाल्याच्या गाडीपाशी एकच विषय निघतो: "काकू, रात्री पाणी प्यायला उठले, लाइट लावला आणि ओट्यावर नुसती पळापळ!" गेल्या वर्षी माझ्याच स्वयंपाकघरात हे झालं, तेव्हा मी कित्येक रात्री स्टुलावर बसून पाहत राहिले. लोक विचारतात ते प्रश्न आणि त्यांची मला माहीत असलेली उत्तरं इथे एकत्र लिहिते आहे.

आधी सांगा, आपण कोणत्या झुरळांबद्दल बोलतोय?

आपल्याकडच्या घरांत मुख्यतः दोन प्रकार दिसतात. मोठं, तांबूस-तपकिरी, साडेतीन-चार सेंटिमीटर लांब, मोरीच्या जाळीतून किंवा गटारातून वर येणारं झुरळ म्हणजे अमेरिकन झुरळ. लहान, फिकट तपकिरी, जेमतेम दीड सेंटिमीटरचं, डोक्यामागच्या ढालीवर दोन काळ्या उभ्या रेघा असलेलं ते जर्मन झुरळ. नावावर जाऊ नका, दोन्ही मूळची त्या देशांतली नाहीत. मोठ्याचं खरं घर ड्रेनेज, लहानाचं खरं घर तुमची ट्रॉली आणि फ्रिजची मोटर. उजेडाला दोन्ही पळतात. प्रयोगशाळेत जास्त अभ्यास मोठ्याचा झालेला आहे, कारण ते हाताळायला सोपं.

उजेड त्यांच्या अंगाला लागतो का? त्रास होतो का?

नाही. ट्यूबलाइटच्या उजेडाने झुरळाला काहीही इजा होत नाही. उजेडात ठेवलेली झुरळं खातात, पितात, वाढतात, अंडी घालतात.

उजेड ही त्यांच्यासाठी एक खूण आहे: आपण उघड्यावर आहोत, कुणालाही दिसतोय. पाल, बेडूक, पक्षी, छोटे सस्तन प्राणी अशा शिकाऱ्यांच्या तोंडून जी वाचली, त्यांचीच पिल्लं पुढे आली, आणि उघड्यावर उजेड आला की आडोसा गाठायचा ही सवय त्या वंशात पक्की झाली. लाइट, बटण, माणूस हे सगळं त्यांच्या दृष्टीने कालचं. झुरळासारखे कीटक कोट्यवधी वर्षांपासून आहेत, आणि त्यांच्या आयुष्यात मध्यरात्री एकदम लख्ख उजेड पडण्याचा अर्थ एकच असे: डोक्यावरचा दगड किंवा झाडाची साल कुणीतरी उचलली.

पण ती लाइटमुळे पळतात की आपण आलो म्हणून?

हा सगळ्यात चांगला प्रश्न, आणि बहुतेकांचा अंदाज इथेच चुकतो. आपण दार ढकलतो, दोन पावलं टाकतो, हात वर करून बटण दाबतो. झुरळाला यातल्या प्रत्येक गोष्टीची बातमी वेगळ्या मार्गाने मिळते.

झुरळ उलटं करून पाहिलंत तर पोटाच्या शेवटच्या टोकाला दोन छोटी टोकदार शिंगं दिसतील. प्रत्येकावर दोनशेच्या आसपास अतिशय बारीक केस असतात, आणि प्रत्येक केस एका ठरावीक दिशेला सहज झुकतो. हवा जराशी हलली तरी कोणते केस झुकले यावरून झुळूक कुठून आली ते कळतं. तिथून जाड मज्जातंतूंतून संदेश थेट पायांच्या मज्जागाठींकडे जातो. डोक्यात विचार होईपर्यंत थांबायची वेळच येत नाही. झुळूक लागल्यापासून वळायला सुरुवात होईपर्यंत साधारण ५० मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग. आपल्याला डोळ्यांनी काही दिसलं की हात हलायला सुरुवात व्हायलाच त्याच्या चौपट वेळ लागतो. शिवाय पायांमध्ये जमिनीची थरथर टिपणारी इंद्रियं असतात, ती वेगळीच.

उजेडाची बातमी डोळ्यांमार्गे जाते आणि तिला जास्त वेळ लागतो. म्हणून तुम्ही चप्पल हातात घेऊन धावत गेलात, तर लाइट लागण्याआधीच निम्मी झुरळं हललेली असतात. तुम्हाला मात्र लाइट लागल्यावरच दिसतं, त्यामुळे लाइटनेच पळाली असं वाटतं.

हे वेगळं करून पाहायचं तर माणूस आत न येता लाइट लागला पाहिजे. आमच्याकडे स्वयंपाकघराचं बटण पॅसेजमध्ये आहे. मी पंखा बंद करून, भिंतीला टेकून, अर्धा तास न हलता बसले आणि ठरल्या वेळी मुलाने बाहेरून बटण दाबलं. झुळूक नाही, पावलं नाहीत. तरीही झुरळं पळाली, पण एक फरक स्पष्ट दिसला. काही झुरळं आधी क्षणभर थबकली, मिशा हलवल्या आणि मगच निघाली. दुसऱ्या रात्री मी नेहमीसारखी चालत आत गेले तेव्हा ते थबकणं दिसलंच नाही. उजेड एकटाही पुरतो, पण उजेड आणि वारा दोन्ही मिळाले की सगळी एकदम उधळतात.

अंधारात त्यांना दिसतं तरी का?

खूप चांगलं दिसतं. २०१४ मध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठातल्या संशोधकांनी झुरळाला एका चेंडूवर चालायला ठेवलं आणि सभोवती हलणारी चित्रं दाखवली. उजेड इतका कमी केला की डोळ्यातल्या एकेका पेशीवर सरासरी दहा सेकंदांत प्रकाशाचा एखादाच कण पडावा. तरीही झुरळ चित्राच्या हालचालीबरोबर वळत राहिलं. एकट्या पेशीला इतक्या उजेडात काहीच कळायला नको, पण मेंदू हजारो पेशींकडून आलेल्या तुटक बातम्या एकत्र करून त्यातून चित्र जुळवतो.

आता हे तुमच्या स्वयंपाकघराला लावून पाहा. खिडकीतून रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड येतो, फ्रिजच्या स्टॅबिलायझरचा बारीक दिवा लागलेला असतो. आपल्याला तो काळोख वाटतो, झुरळाला ओटा नीट दिसत असतो. अशात लाइट लागला की उजेड एका क्षणात हजारो पटींनी वाढतो. त्याला हलवतो तो हा अचानक बदल.

मोठ्या संयुक्त डोळ्यांखेरीज मोठ्या झुरळाच्या मिशांच्या मुळाशी दोन फिकट पांढरट ठिपके असतात. तेही साधे डोळेच. त्यांना आकार दिसत नाहीत, फक्त उजेड वाढला की कमी झाला एवढं कळतं.

सगळी वेगवेगळ्या दिशांना का फुटतात?

एकमेकांना विचारून कोणीच पळत नाही. प्रत्येकाच्या अंगावर उजेड वेगळ्या बाजूने पडतो, जवळची काळी फट वेगळी असते, तोंड वेगळीकडे असतं. झुळकीवर केलेल्या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट कळली आहे. २००८ मध्ये असं दिसून आलं की झुरळ धोक्याकडे पाठ करून सरळ रेषेतच पळतं असं नाही. धोक्यापासून साधारण ९०, १२०, १५० आणि १८० अंश अशा काही ठरावीक कोनांपैकी एखादा कोन ते धरतं, आणि कोणता धरेल ते आधी सांगता येत नाही. शिकाऱ्याला अंदाज बांधता येऊ नये, याला हे फार उपयोगी आहे. चप्पल नेमकी रिकाम्या टाइलवर पडते त्यामागे हेही एक कारण आहे.

दुसरं कारण वेग. मोठं झुरळ सेकंदाला दीड मीटरपर्यंत पळतं, हे १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे मोजलं गेलं. आपला ओटा साधारण दोन फूट रुंद असतो, म्हणजे ६० सेंटिमीटर. ते अंतर कापायला त्याला ०.४ सेकंद पुरतात. त्यातले पहिले ०.२ सेकंद तर तुम्हाला ते दिसून हात उचलण्यातच जातात. लहान जर्मन झुरळ एवढं वेगवान नसतं, पण त्याला मुळात जायचंही जवळच असतं.

मग कोपराच का? उघड्या दारातून बाहेर का जात नाहीत?

कारण त्यांना लांब जायचं नसतं. आडोसा मिळाला की धाव संपली. आडोसा म्हणजे काय हे झुरळ तीन गोष्टींवरून ठरवतं.

पहिली गोष्ट अंधार. झुरळाला बारकावे दिसत नाहीत, पण पांढऱ्या टाइल्सवर फ्रिजखालचा काळा पट्टा, सिलिंडरमागची सावली असे मोठे गडद भाग लांबूनही कळतात. पहिली धाव तिकडे असते.

दुसरी गोष्ट स्पर्श. लोकांना ही सहसा माहीत नसते, आणि माझ्या मते अंधाराइतकीच ती महत्त्वाची आहे. झुरळाला पाठीला वरून आणि पोटाला खालून काहीतरी टेकलेलं आवडतं. पळताना ते भिंत गाठतं आणि एक मिशी भिंतीला घासत ठेवून तिच्या कडेकडेने धावतं. मिशी भिंतीवरून सुटली की लगेच वळतं. म्हणून झुरळं खोलीच्या मधोमध क्वचित आणि भिंत जिथे जमिनीला मिळते त्या कडेने जास्त दिसतात. भिंतीच्या कडेने धावणारा कोणीही शेवटी कोपऱ्यातच पोचतो. कोपरा नुसता काळा असून भागत नाही, तो अरुंदही लागतो. २०१६ मध्ये बर्कलीलाच दाखवलं गेलं की मोठं झुरळ अंग चपटं करून ३ मिलिमीटर उंचीच्या फटीतून पार होतं. एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली की साधारण तेवढी उंची होते. ट्रॉली आणि भिंत यांच्यात सुताराने सोडलेली फट याहून मोठीच असते.

तिसरी गोष्ट वास. झुरळांच्या विष्ठेत आणि अंगावर असा वास असतो की बाकीची झुरळं तिथे गोळा होतात. २००७ मध्ये ब्रुसेल्सच्या संशोधकांनी याची फार सुंदर परीक्षा घेतली. त्यांनी काड्यापेटीएवढे छोटे यंत्रमानव बनवले, त्यांना झुरळांचा वास लावला आणि खऱ्या झुरळांत सोडले. लपायला दोन छपरं ठेवली, एकाखाली जास्त काळोख, दुसऱ्याखाली कमी. झुरळं एकटी असताना बहुतेक वेळा जास्त काळोख निवडत. पण वास लावलेले यंत्रमानव कमी काळोखाच्या छपराखाली जाऊन थांबले, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा झुरळंही त्यांच्या मागोमाग तिकडे गेली. म्हणजे अंधाराची ओढ पक्की असली तरी सोबतीची ओढ तिच्यावर मात करू शकते. म्हणूनच तुमच्याकडे सहा काळे कोपरे असले तरी रोज रात्री त्यांतल्या दोनच कोपऱ्यांत गर्दी होते.

एखादं झुरळ पळतच नाही, तिथेच बसून राहतं. ते का?

बहुतेकदा ते आधीच आडोशाला असतं. मिक्सरच्या सावलीत, अंग भांड्याला टेकलेलं असेल तर त्याच्या दृष्टीने ते घरीच आहे. कधी पोटाशी अंड्यांची थैली धरलेली मादी असते, ती कमी हिंडते. आणि उघड्यावर, उजेडात, पाय लटपटत असलेलं किंवा उलटं पडलेलं झुरळ दिसलं तर ते औषध खाल्लेलं असतं.

रात्रभर लाइट चालू ठेवला तर येणार नाहीत ना?

शेजारच्या आजींनी हे महिनाभर करून पाहिलं. बिल वाढलं, झुरळं तेवढीच राहिली. झुरळ कधी बाहेर पडेल हे फक्त उजेडावर ठरत नाही. त्याच्या डोळ्यांमागच्या मेंदूच्या भागात दिवस-रात्रीचं घड्याळ असतं, आणि सतत काळोखात ठेवलं तरी ते घड्याळ जवळजवळ दिवसाच्याच मापाने चालत राहतं. शिवाय पोटाला भूक असतेच. उजेड कायमचा झाला की त्यात अचानकपणा उरत नाही. मग झुरळं ओट्याच्या खालून, ट्रॉलीच्या आतून, सावल्या धरून फिरतात. तुम्हाला ती कमी दिसतात एवढंच.

आणि दिवसाढवळ्या दिसायला लागली तर?

तर लक्ष द्या. बहुधा लपायच्या जागा भरून गेल्या आहेत आणि कमजोरांना बाहेर ढकललं जातंय, नाहीतर पाणी किंवा खाणं तुटलंय. मोठं झुरळ भर दुपारी मोरीत दिसलं तर मात्र घराआधी ड्रेनेज पाहा. मुसळधार पावसात गटार तुंबलं की ती पाइपातून वर येतात.

काही झुरळं उडून ट्यूबकडेच येतात. मग उजेडाला घाबरतात हे खरं कसं?

उकाड्याच्या, दमट संध्याकाळी मोठी झुरळं पंख वापरतात. उंचावरून खाली तरंगत येतात आणि भिंतीवर आपटतात. दिव्याकडे जायचा त्यांचा हेतू असेलच असं नाही. पण जगात झुरळांच्या हजारो जाती आहेत आणि काही जाती खरोखरच उजेडाकडे ओढल्या जातात. आशियाई झुरळ ही जर्मन झुरळासारखीच दिसणारी जात त्यांतलीच, ती बाहेर गवतात-पाचोळ्यात राहते. या लेखातलं सगळं आपल्या घरातल्या दोन जातींबद्दल आहे.

त्यांना न उधळवता ती कुठून येतात हे पाहता येईल का?

येईल, आणि हेच मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. झुरळाच्या डोळ्यात दोन प्रकारच्या पेशी असतात, एक हिरव्या रंगाच्या आसपासचा उजेड टिपणारी आणि दुसरी अतिनील. लाल रंगासाठी वेगळी पेशी नसते. म्हणून मंद लाल उजेडात आपल्याला दिसतं आणि त्यांना जवळजवळ अंधारच असतो. प्रयोगशाळेतही असाच लाल उजेड वापरतात.

मी स्टेशनरीच्या दुकानातून लाल जिलेटीन कागद आणला, चार घड्या करून मोबाइलच्या टॉर्चवर रबरबँडने बसवला. एकाच घडीतून इतर रंगांचा उजेडही झिरपतो, तेव्हा घड्या वाढवा. उजेड थेट ओट्यावर न टाकता छताकडे टाका. प्रखर लाल उजेड त्यांना थोडाफार कळतोच. कसं ओळखायचं? लाल उजेड पडताच मिशा उचलून झुरळ थिजलं तर उजेड जास्त आहे. मिशा संथपणे हलवत ते खात राहिलं तर ठीक आहे.

जुलैमधल्या एका रात्री साडेबाराला, गॅस आणि ओटा पुसून तास-दीड तास झाल्यावर, मी अशी बसले. ओट्यावर आणि भिंतीवर मिळून अकरा झुरळं होती, सगळी दोन रेघांची, लहान. मोबाइल डब्याला टेकवून व्हिडिओ सुरू ठेवला होता. मुलाने बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ सावकाश चालवून पाहिला. सात झुरळं कडप्प्यातून गॅसची नळी खाली जाते त्या भोकात गेली. तीन ट्रॉलीच्या वरच्या बिजागरीमागे. एक मिक्सरभोवती फेरी मारून खिडकीच्या चौकटीखाली शिरलं. सिंकखाली एकही गेलं नाही, आणि मी मात्र तोवर रोज सिंकखालीच फवारा मारत होते.

सकाळी टॉर्च घेऊन त्या भोकात पाहिलं. कडेला मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके, दोन सोललेल्या कातड्या आणि तो ओळखीचा तेलकट, कुबट वास होता.

जागा कळल्यावर पुढे काय करायचं?

फवारा मारू नका, निदान त्या जागी तरी नको. त्याआधीच्या वर्षी पेस्ट कंट्रोलवाल्याने येऊन सगळ्या जमिनीच्या मधोमध आणि भिंतींवर फवारणी केली होती. आठवडाभर शांतता होती, मग झुरळं हॉलमधल्या पुस्तकांच्या कपाटात दिसायला लागली. बरेचसे फवारे झुरळांना नकोसे वाटतात. ती मरण्याऐवजी जागा बदलतात.

लहान झुरळांसाठी जेल बरं. मी त्या भोकाच्या कडेला, बिजागरीमागे आणि खिडकीच्या चौकटीखाली मसुराच्या दाण्याएवढे ठिपके लावले, मिळून आठ. एक मोठा गोळा लावण्यापेक्षा जास्त छोटे ठिपके चांगले, कारण झुरळ लांब जात नाही, वाटेत मिळालं तर खातं. ते खाऊन फटीत परततं, तिथे मरतं, आणि त्याची विष्ठा व मेलेलं अंग खाणाऱ्या पिल्लांपर्यंतही औषध पोचतं. जेलजवळ फवारा, फिनाइल किंवा खडू लावलात तर ती जेलला तोंड लावणार नाहीत. मुलांचा हात आणि अन्न यांपासून जेल दूर ठेवा, पाकिटावरच्या सूचना वाचा.

तीन आठवड्यांनी पुन्हा लाल उजेडात बसले तेव्हा एकच दिसलं. मी निर्धास्त झाले नाही. जर्मन झुरळाची मादी अंड्यांची थैली तीन-चार आठवडे पोटाशीच बाळगते, त्या एका थैलीत तीसेक पिल्लं असतात, आणि थैली घेऊन बसलेली मादी फारशी खायला बाहेर येत नाही. अपेक्षेप्रमाणे पाचव्या आठवड्यात मुंगीपेक्षा थोडी मोठी, काळपट पिल्लं दिसली. लाइट लागताच तीही त्याच नळीच्या भोकाकडे गेली. तिथे नवे चार ठिपके लावले. सप्टेंबरमध्ये सलग तीन रात्री एकही दिसलं नाही, तेव्हा प्लंबरला बोलावून नळीभोवतीची फट पांढऱ्या सिमेंटने भरून घेतली.